ओंकारचा पहिला रेस्क्यू: कथेतलं पाणी खरं वाटायचं तर

प्रश्न: मी पंचवटीत राहते, एक छोटी कथा लिहितेय. नायक ओंकार, वय २०, गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, पोहायला शिकलेला. दिवाळीच्या सुट्टीत कोकणातल्या गजबजलेल्या किनाऱ्यावर जीवरक्षक म्हणून लागतो. मोठ्या लाटेत सापडलेला नऊ वर्षांचा मुलगा ‘वाचवा, वाचवा’ ओरडतो. ओंकार शर्ट फेकून झेप घेतो, केसांना धरून त्याला बाहेर काढतो, पोट दाबून पाणी काढतो आणि मुलगा डोळे उघडतो. जाणकाराला हे खोटं वाटेल का? खरं कसं घडतं?

उत्तर:

हो, खोटं वाटेल, आणि चार ठिकाणी: लाट, ओरडणं, केस आणि पोट. नायक मात्र उत्तम निवडलाय. गंगेवर शिकलेल्या पोराला पाण्याची भीती नसते, पण पाणी कुठल्या दिशेनं ओढणार याचे त्याचे हिशेब नदीचे असतात. कथेची गंमत तिथेच आहे. प्रसंग तोच ठेवून क्रमानं बांधत जाऊ.

आधी दिवस आणि वेळ पक्की करा, कारण त्यावर पाणी ठरतं. ‘दिवाळीच्या सुट्टीत’ असं मोघम न ठेवता भाऊबीज घ्या. लक्ष्मीपूजन अमावास्येचं आणि भाऊबीज शुद्ध द्वितीयेची, म्हणजे हे दिवस उधाणाचे. पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. मुंबई-अलिबागच्या बाजूला उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या आसपास जातो, दक्षिणेला तो कमी होत जातो. वेळ काढायला कोकणातला जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट. द्वितीयेला दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीडच्या सुमारास पूर्ण भरती. तिथून साधारण सव्वासहा तासांनी, पावणेआठच्या आसपास, पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, कथेला चालेल. ओहोटीचं पाणी सगळ्यात जोरात उतरतं ते मधल्या दोन तासांत, साडेतीन ते साडेपाच. सकाळी नाशिक सोडलेली, वाटेत जेवलेली, पार्किंग शोधून दमलेली मंडळी नेमकी याच वेळी पाण्यात उतरतात. तुमची घटना सव्वाचारला घडू द्या.

आता लाट. मोठी लाट काढून टाका. दिवाळीत समुद्र तसा निवलेला असतो, गुडघा-मांडीभर लाटा पुरेत. मुलाला नेणारी गोष्ट लाट नसून ओढ आहे, जीवरक्षक तिला रिप करंट म्हणतात. पावसाळ्यात समुद्र किनाऱ्याची वाळू आत ओढून नेतो आणि नंतर ती हळूहळू परत आणून टाकतो. त्यातून किनाऱ्याला समांतर असे वाळूचे बांध बनतात. लाटा बांधावर फुटून पाणी आत येतं, ते परत जायला वाट शोधतं आणि बांधात जिथे खिंडार असेल तिथून बाहेर निघतं. शेताच्या बांधाला मोरी फुटली की सगळं पाणी तिथूनच धावतं, तसंच. ओहोटीला बांधावरचं पाणी उथळ होत जातं, तसा या खिंडारातला जोर बहुधा वाढतो. साधी ओढ सेकंदाला अर्धा मीटर धरा. ऐकायला किरकोळ वाटतं, पण मिनिटाला तीस मीटर झाले. जोराच्या ओढीचा वेग सेकंदाला दोन मीटरच्या वर गेलेला मोजला आहे, तिथे ऑलिम्पिकचा पोहणाराही जागच्या जागी राहील.

कथेला उपयोगी पडेल अशी एक गोष्ट यात आहे. ओढीची जागा दिसायला सगळ्यात शांत असते. दोन्ही बाजूंना बांधावर लाटा फुटून पांढरा फेस दिसतो आणि मधे दहा-पंधरा मीटरचा पट्टा गडद, सपाट, जवळजवळ लाटा नसलेला. तिथे पाणी खोल असतं, म्हणून लाट फुटत नाही. पोरं घेऊन आलेलं कुटुंब काय करतं? “इकडे लाटा आहेत, तिकडे चला, तिकडे शांत आहे.” हे वाक्य मुलाच्या आईच्या तोंडी द्या आणि पुढे जा, त्यावर एक शब्दही भाष्य करू नका.

नवे लेखक हमखास एक चूक करतात, ती टाळा: चेंडू वाऱ्यानं आत वाहून जातो आणि मुलगा त्याच्या मागे जातो. दुपारी कोकणात खारे वारे समुद्राकडून जमिनीकडे वाहतात, ते चेंडू उलट किनाऱ्याकडे ढकलतील. वाऱ्यानं चेंडू आत घालवायचा असेल तर पहाटेचे मतलई वारे लागतील, आणि त्या वेळी तुमची गर्दी लॉजवर झोपलेली असते. चेंडूची गरजही नाही. मुलगा बांधावर मांडीभर पाण्यात उभा आहे, लाट आली म्हणून दोन पावलं बाजूला सरकतो आणि तिसरं पाऊल खिंडारात पडतं. नऊ वर्षांचा मुलगा सव्वाशे-एकशेतीस सेंटिमीटर उंच. खिंडारात दीड मीटर पाणी असलं तरी ते त्याच्या डोक्यावरून जातं.

त्या वेळी ओंकार कुठे आहे? वाळूवर, उंच खुर्चीत. किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि नोव्हेंबरात सव्वाचारला सूर्य कलून थेट समोर आलेला असतो. पाण्यावर ऊन असं चकाकतं, की डोकी म्हणजे नुसते काळे ठिपके. रंग नाहीत, चेहरे नाहीत. टोपीची झापड आणि पोलराइज्ड चष्मा असला तरी एक पट्टा आंधळाच राहतो. त्या पट्ट्याकडे बघायला जीवरक्षक खुर्ची सोडून बाजूला उभा राहतो किंवा जोडीदाराला तिथे पाठवतो. नवा पोरगा हे विसरतो. शिवाय त्याची नजर आपसूक आवाजाकडे जाते: किंचाळणाऱ्या मुली, एकमेकांना बुचकळ्या देणारं कॉलेजचं टोळकं, बनाना बोट. गंगेवरची सवयही तशीच. तिथे पुरात उड्या मारणारी पोरं धोक्यात असतात आणि ती सगळ्यांना दिसतात.

बुडणारं माणूस दिसत नाही, हा या सगळ्यातला गाभा आहे. १९७०च्या दशकात फ्रँक पिया या अमेरिकी जीवरक्षकानं बुडणाऱ्या माणसांच्या चित्रफिती बघून हे मांडलं. त्यानंतर जीवरक्षकांचं प्रशिक्षणच बदललं. बुडणारा ओरडत नाही, कारण तोंड पाण्यावर येतं तेवढ्या क्षणात त्याला फक्त श्वास घ्यायचा असतो. आवाज काढायला आधी छातीत हवा लागते. तो हातही हलवत नाही. हात बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतो, कारण शरीर आपोआप तेवढंच करतं. अंग उभं, पाय जवळजवळ निकामी, डोकं मागे कललेलं, तोंड पाण्याच्या रेषेवर, केस कपाळावर आणि डोळ्यांवर चिकटलेले. ते बाजूला सारायला हात वर येत नाही. लांबून हे एखादं पोर पाण्यात उभं राहून आकाशाकडे बघतंय असंच दिसतं. न पोहता येणारा माणूस असा पृष्ठभागावर २० ते ६० सेकंद टिकतो. लहान मूल त्यातल्या अलीकडच्या टोकाला.

ओरडणारा, हात हलवणारा माणूस संकटात असतो, पण त्याच्याकडे अजून श्वास आणि थोडा वेळ आहे. हा फरक कथेत वापरायचा, कारण तुम्हाला दोन्ही माणसं लागणार आहेत. ते पुढे येतं.

आता हिशेब बघा, म्हणजे कथेचा वेग कुठून येतो ते कळेल. खुर्चीपासून खिंडारासमोरच्या काठापर्यंत ६० मीटर. मऊ वाळू, चटया, भेळवाले, घोडे, उंटगाडी यांच्यातून धावत वीस सेकंद. गुडघा ते कमरेपर्यंतच्या पाण्यात, पाय बाजूनं वर फेकत, पंधरा सेकंद. मग पन्नास मीटर पोहणं. ओढ त्याच दिशेची असल्यानं ती मदतच करते, तरी चाळीस सेकंद धरा. एकूण सव्वा मिनिट, म्हणजे ७५ सेकंद. आणि मुलाकडे फार तर साठ. याचा अर्थ, मुलगा बुडू लागल्यावर ओंकारला दिसला तर तो वेळेत पोहोचणारच नाही. तो बुडू लागण्याच्या आधी दिसायला हवा, किंवा मधे दुसरं कुणीतरी यायला हवं.

दोन्ही करा. ओंकारला आधी दिसते ती एक छोटीशी चुकीची गोष्ट. साधारण अशी:

“सगळी डोकी लाटेसोबत वर-खाली होत होती. एक होत नव्हतं. ते किनाऱ्याकडे तोंड करून होतं आणि लाट मागून येत असताना वळून बघत नव्हतं. ओंकारनं हाताच्या पंजानं ऊन अडवलं. डोकं दोन झेंड्यांच्या मधे होतं ते आता लाल-पिवळ्या झेंड्याच्या पलीकडे गेलं होतं, आणि कुणी पोहत असल्यासारखं दिसत नव्हतं.”

लाटेकडे पाठ, चेहरा किनाऱ्याकडे, हात पाण्याखाली, आणि काही न करता जागा बदलणं. जीवरक्षकाच्या नजरेला एवढं पुरतं. मुलगा अजून खिंडाराच्या कडेला टाचा उचलून चवड्यांवर टेकत असतो, बुडायला सुरुवात व्हायची असते. ही आठ-दहा सेकंदांची कमाई.

खुर्ची सोडण्याआधी ओंकार दोन गोष्टी करतो आणि त्या न केल्या तर जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटेल. पहिली, शिट्टी. शिट्ट्यांचे संकेत ठिकाणागणिक थोडे बदलतात, पण तीन शिट्ट्या म्हणजे ‘मी पाण्यात चाललो’ हा बऱ्याच ठिकाणचा अर्थ. ती जोडीदारासाठी असते. आता ओंकारचा अर्धा किनारा त्यानं सांभाळायचा असतो, बाकीच्यांना पाण्याबाहेर काढायचं असतं. एक रेस्क्यू चालू असताना सगळे पालक तो बघत राहतात आणि आपल्या पोरांवरची नजर काढतात, ही गर्दीतली सगळ्यात वाईट वेळ. दुसरी गोष्ट, ट्यूब. रेस्क्यू ट्यूब म्हणजे लाल, लवचीक फोमची हातभराहून लांब पट्टी. एका टोकाला हुक, दुसऱ्या टोकाला कडी, दीड-दोन मीटरची दोरी आणि खांद्यात अडकवायचा पट्टा. दोरी हातात गुंडाळून धरूनच धावायचं असतं, नाहीतर ती पायात येते आणि नायक गर्दीसमोर तोंडावर पडतो. पहिल्या रेस्क्यूत हे घडवायचं असेल तर खुशाल घडवा, खरंच वाटेल. फिन्स हातात असतात, कमरेइतक्या पाण्यात पायात चढवायच्या. शर्ट फेकण्यात कुणी वेळ घालवत नाही. अंगाला बसणारा जीवरक्षकाचा टी-शर्ट पोहताना फारसा आड येत नाही, आणि गर्दीत तीच त्याची ओळख असते.

पोहायला लागला की ओंकारला मुलगा दिसेनासा होतो. हे सगळे लेखक विसरतात. खुर्चीवरून सगळं दिसत होतं, पण पाण्यात त्याचे डोळे पाण्यापासून वीतभर वर. मांडीभर लाटही मधे आली की समोरचं डोकं नाहीसं. गंगेत पोहताना समोर घाट असतो, देवळाचा कळस असतो, पोहण्याच्या टाकीत तळाला रेघ असते. इथे गढूळ हिरवं पाणी आणि समोर सूर्य. म्हणून तो डोकं वर ठेवून हात मारतो, ते दमवणारं असतं. प्रत्येक लाटेच्या माथ्यावर एकदा मागे, किनाऱ्याकडे बघतो. तिथे जोडीदार उभा असतो, सरळ हात करून दिशा दाखवत. मुलगा त्याला दिसतो, ओंकारला नाही. एका माणसाचे डोळे आणि दुसऱ्याचे हात, अशी ही विभागणी.

नदीचा हिशेब इथे चुकू द्या. गंगेत शिकलेल्याला माहीत असतं की धार तिरकी कापायची, ती काठाच्या बाजूबाजूनंच नेते, थोडं खाली कुठेतरी हाताला घाट लागतो. इथे धार काठापासून दूर नेते. पहिल्या वीस मीटरमध्ये ओंकारचं शरीर सवयीनं बाजूला कापायला लागतं आणि तो ओढीच्या कडेच्या फुटणाऱ्या लाटांत अडकतो, चार-पाच सेकंद गमावतो. मग त्याच्या लक्षात येतं की आत जाताना ओढीतच राहायचं, ती आपल्याला मुलाकडेच नेतेय. बाजूला कापायचं ते परतताना.

आणि आता मामा. भाऊबीज आहे, बहीण-भाऊ सहकुटुंब आलेत. मामा काठाला मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. त्याला भाचा ‘जरा आत गेलेला’ दिसतो आणि तो जीन्ससकट आत जातो. मदतीला गेलेला नातलग स्वतः बुडतो, हे इतक्या वेळा घडतं की रेस्क्यूला निघताना जीवरक्षक एकाच्या जागी दोन माणसं धरूनच चालतो. मामा १७० सेंटिमीटरचा, त्याचे पाय सुरुवातीला टेकतात, म्हणून तो पोहोचतो. भाच्याला धरतो, वर उचलतो. याच उचलण्यामुळे मुलाला आणखी अर्धं मिनिट मिळतं. पण पाण्यात एखाद्याला वर उचललं की उचलणारा तेवढाच खाली जातो. दुसऱ्या-तिसऱ्या लाटेनंतर मामाचे पाय टेकत नाहीत आणि ओरडतो तो मामा. त्याच्याकडे अजून श्वास आहे. तुमचं ‘वाचवा’ इथे ठेवा. सगळा किनारा मामाकडे बघेल, आणि मुलगा त्याच्या हातात गप्प असेल. (जीन्स पाण्यात ‘जड होऊन खाली खेचते’ असं लिहू नका. भिजलेलं कापड पाण्यात फारसं खाली खेचत नाही, ते पाय मारताना अडतं, आणि त्याचं खरं वजन पाण्याबाहेर पडताना कळतं. साडीचं मात्र वेगळं, ती पायाभोवती गुंडाळते.)

ओंकार पोहोचतो तो क्षण जवळून दाखवायचा आहे. दोन-तीन मीटरवर त्यानं थांबायलाच हवं. हिंदी-मराठी सगळ्या कथांत नायक सरळ जाऊन मिठी मारतो. खऱ्या पाण्यात मामा त्याला शिडीसारखा वापरेल, खांद्यावर हात टाकून वर चढेल. ती मगरमिठी. तीत सापडलं तर जीवरक्षक खाली बुडी मारतो. घाबरलेल्या माणसाला वर राहायचं असतं, तो खाली मागे येत नाही, हात सुटतात. पण त्याआधीच ट्यूब मधे घालणं बरं:

“मामा! इकडं बघा. हे घ्या, हे धरा, दोन्ही हातांनी!” ओंकारनं ट्यूब पुढं ढकलली. ती मामाच्या छातीला लागली. “पोटाखाली घ्या. मला नाही, ट्यूबला धरा.” मामानं एक हात टाकला. दुसऱ्या हातात मुलगा होता, आणि तो हात सुटत नव्हता.

ओळख नसताना ‘मामा’ कसा म्हणतो, असं वाचकाला वाटणार नाही, आपल्याकडे अनोळखी माणसालाही मामा म्हणतात. पण तो खरंच मामा आहे, हे ओंकारला नंतर कळू द्या.

आता ओंकार मामाच्या मागून मुलाकडे येतो. मुलाचं तोंड उघडं आहे, ओठ निळसर, डोळे अर्धवट उघडे, तो कशालाच प्रतिसाद देत नाही. केसांना धरणं ही फार जुनी पद्धत. त्यात चेहरा पाण्याखाली जातो आणि एक हात अडकतो. ओंकार मुलाच्या काखांखालून हात घालतो, त्याची पाठ आपल्या छातीला लावतो, ट्यूब त्याच्या काखांखालून आणून मागे हुक लावतो. मुलाचं तोंड आता पाण्याबाहेर. मामा ट्यूबच्या टोकाला धरून. एक ट्यूब धरून असलेल्या दोघांचं डोकं पाण्यावर ठेवते, कारण पाण्यात पूर्ण वजन पेलायचं नसतं, फक्त तोंडं वर राहायला हवीत. वर केलेला एक हात किनाऱ्याला सांगतो की माणसं सापडली, मदत पाठवा.

परतीचा रस्ता हा कथेतला दुसरा निर्णय. समोर सरळ काठ दिसतो, सगळी गर्दी तिथे, मुलाची आई गुडघाभर पाण्यात. सरळ पोहलं तर ओढ सेकंदाला अर्धा मीटर मागे नेणार, दोन माणसं ओढत ओंकारचा वेगही जेमतेम तेवढाच. म्हणजे तो हात मारत राहील आणि काठ तिथेच राहील. म्हणून तो आईकडे पाठ फिरवून बाजूला वळतो, काठाला समांतर, वीस-पंचवीस मीटर, जिथे लाटा फुटतायत तिकडे. काठावरून बघणाऱ्यांना वाटतं हा भलतीकडेच चाललाय. तिथे पांढऱ्या फेसात बांध आहे, पाणी उथळ आहे आणि लाटा आत ढकलतात. लाट येताना तो मुलाचं तोंड हातानं झाकून धरतो, लाट गेली की सोडतो. ज्या फेसाळ पाण्याला घाबरून आईनं जागा बदलली होती, तेच त्यांना घेऊन येतं. पाय टेकतात तेव्हा मामा उभाच राहू शकत नाही, त्याला जोडीदार घेतो.

वाळूवर पोट दाबायचा विचार सोडून द्या. इथे गर्दीतले चार जण ओंकारच्या अंगावर येतील: “उलटा धरा”, “गोल फिरवा”, “पोटातलं पाणी काढा”. त्यांचं प्रेम खरं असतं, पण पोटातलं पाणी कुणाला मारत नाही. मारतो तो प्राणवायूचा अभाव. पोट दाबलं की उलटी होते, ती श्वासनलिकेत जाते, आणि वाया गेलेल्या अर्ध्या मिनिटाची भरपाई होत नाही. ओंकार मुलाला ओल्या वाळूवर, पाण्याच्या रेषेला समांतर, पाठीवर ठेवतो, म्हणजे उतारामुळे डोकं पायांपेक्षा वर-खाली राहत नाही. हाक मारतो. प्रतिसाद नाही. कपाळावर हात ठेवून डोकं मागे, दोन बोटांनी हनुवटी वर. गाल मुलाच्या तोंडाजवळ नेऊन छातीकडे बघतो. छाती हलत नाही.

बुडालेल्याला आधी श्वास द्यायचे. हृदयविकारात छाती दाबण्यापासून सुरुवात करतात, इथे उलटं, कारण आधी श्वास थांबतो आणि हृदय त्यानंतर काही काळ चालू असतं. युरोपीय पद्धतीत पहिले पाच श्वास देतात, अमेरिकी पद्धतीत दोन. कथेत पाच घ्या, मोजायला बरे. नाक चिमटीत, तोंडावर तोंड, प्रत्येक फुंक एक सेकंदाची, छाती वर येताना दिसेल एवढीच. तोंडातून पांढरा फेस येतो, साबणासारखा. तो पुसत बसायचं नाही, पुसला तरी येतच राहतो. उलटी झाली तर मात्र लगेच कुशीवर वळवून बोटानं तोंड साफ करायचं आणि पुन्हा सुरू. पाच श्वासांनंतरही काही हालचाल नसती, तर तीस वेळा छाती दाबून दोन श्वास, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीनं, असं चालू ठेवावं लागलं असतं.

तुमच्या मुलाला तिथवर नेऊ नका, असं मला वाटतं. हृदय थांबलेला मुलगा किनाऱ्यावर दोन मिनिटांत उठून आईला हाक मारतो, हे खोटं ठरेल. नुसता श्वास थांबलेला मुलगा चार-पाच फुंकांनी परत येतो, हे मात्र खरं घडतं. अशा मुलांचा श्वास बऱ्याचदा फार लवकर सुरू होतो:

“चौथ्या फुंकेला ओंकारच्या तोंडात खारट, आंबट काहीतरी आलं. मुलाचं पोट आकसलं. ओंकारनं त्याला कुशीवर ओढलं आणि दुपारचा भात वाळूवर पडला. मग खोकला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. ओंकार ऐकत होता तो फक्त खोकला, पुन्हा येतोय का.”

डोळे उघडून आईला ओळखणं वगैरे आणखी काही मिनिटांनी. मुलगा आधी रडेल, थरथरेल, चिडेल. हे सगळं चांगलं चिन्ह. त्याला कुशीवर ठेवून, ओले कपडे काढून, कोरड्या चादरीत गुंडाळायचं. पाणी प्यायला द्यायचं नाही. मामाला खोकला आहे, तो “मी ठीक आहे” म्हणतो, त्यालाही बसवून ठेवायचं. जोडीदारानं १०८ ला आधीच फोन केलेला असतो. दोघांनाही रुग्णालयात जावंच लागतं. फुप्फुसात गेलेलं पाणी तासाभरानंतरही श्वास जड करू शकतं, म्हणून शुद्धीवर आलेल्यालाही काही तास नजरेखाली ठेवतात. “आता बरा आहे, निघतो, रात्री नाशिक गाठायचंय,” असं म्हणणारं कुटुंब ही जीवरक्षकाची नेहमीची डोकेदुखी. हे वाक्य मुलाच्या बापाला द्या.

या धामधुमीत ओंकारनं आईला एकच प्रश्न विचारायचा आहे: “पाण्यात तुमचे किती जण होते?” श्वास सुरू झाल्यावर लगेच. त्या वेळी ती पोराकडेच बघत असणार, उत्तर देणार नाही. मग तिला हात धरून मोजायला लावायचं. ती बोटं मोजते, चुकते, पुन्हा मोजते. पाच. पाचही काठावर दिसतात. या चार ओळींत तुम्हाला ताण मिळेल तो पोहण्याच्या वर्णनात मिळणार नाही. हा प्रश्न राहून गेला तर आणखी एक जण पाण्यातच असण्याची शक्यता असते.

भाऊबीजेचं मात्र एकदाच येऊ द्या. मामाच्या कपाळावर सकाळचा टिळा आहे, अर्धा धुतलेला, एवढं दिसलं की झालं. शेवटी ओवाळणीकडे गेलात तर कथा मालिकेच्या वाटेला लागेल.

नंतर ओंकारचं काय? अँब्युलन्स गेल्यावर त्याचे हात थरथरतील, कदाचित उलटी होईल, खांद्यावर पट्ट्याचा लाल वळ असेल. त्याला रडवायची घाई करू नका, त्याला अजून काम आहे. ट्यूब गोड्या पाण्यानं धुऊन टांगायची, नोंदवहीत वेळ, भरती-ओहोटी, वारा, जागा आणि किती जण हे लिहायचं. आणि त्याआधी झेंडा हलवायचा, कारण ओढ तिथेच आहे, पाणी अजून तीन तास उतरणार आहे, खिंडाराचा गडद पट्टा थोडासा सरकलाय. पंधरा मिनिटांत दुसरं कुटुंब चटई घेऊन येईल आणि तीच शांत जागा निवडेल. पोहायची सुरक्षित जागा दाखवणारा लाल-पिवळा झेंडा तो उपटून तीस पावलं बाजूला, फेसाळ पाण्यासमोर रोवतो आणि जुन्या जागी लाल झेंडा लावतो. वाळू ओली आहे, काठी दोन वेळा कलते. तिसऱ्यांदा तो तिला गुडघ्यानं आधार देऊन दाबतो, आणि एक माणूस पोराचा हात धरून विचारतो, “अहो, इथं तर पाणी शांत आहे, इथं लाल का लावला?”